गटचर्चेत पहिलं वाक्य कसं टाकायचं? अतिशय बुजऱ्या विद्यार्थ्यांसाठी सरावाचा क्रम

प्लेसमेंटच्या गटचर्चेत, म्हणजे जीडीत, साधारण आठ-दहा जणांना गोलात बसवतात, विषय देतात, विचार करायला एखाद-दोन मिनिटं मिळतात आणि मग दहा-पंधरा मिनिटं चर्चा चालते. परीक्षक बाजूला बसून कागदावर खुणा करत असतात. ज्याला हजेरीला ‘येस सर’ म्हणतानाही घसा कोरडा पडतो, अशा मुलाला या पंधरा मिनिटांसाठी दोन सल्ले हमखास मिळतात. एक म्हणजे आत्मविश्वास ठेव, आणि दुसरा म्हणजे आरशासमोर सराव कर. पहिला सल्ला अमलात कसा आणायचा हे कुणी सांगत नाही. दुसरा अमलात आणता येतो, पण आरसा मध्येच तोडत नाही, आपला मुद्दा आधी बोलून मोकळा होत नाही आणि मोठ्याने हसतही नाही. त्यामुळे आरशासमोर भाषणाचा सराव होतो, गटचर्चेचा होत नाही.

बुजऱ्या मुलांकडे मुद्दे नसतात, असं मला कधी दिसलेलं नाही. चर्चा संपल्यावर कॅन्टीनमध्ये विचारलं तर गटात आलेल्या मुद्द्यांपेक्षा बरे मुद्दे तीच सांगतात. त्यांचं अडतं ते एकाच जागी, दुसऱ्याचं वाक्य संपून आपलं सुरू होण्याच्या फटीत. म्हणून हा सगळा लेख त्या फटीत शिरण्याबद्दल आहे. देहबोली, पेहराव, चालू घडामोडींचं वाचन यावर बोलणारे पुष्कळ आहेत.

ती फट केवढी असते

बुजरा विद्यार्थी काय करतो? समोरच्याचं बोलणं पूर्ण संपू देतो, मग मनात आपलं वाक्य जुळवतो, ते बरोबर आहे ना हे एकदा तपासतो आणि तोंड उघडतो. तोवर तिसराच कुणी सुरू झालेला असतो. तो पुन्हा वाट बघतो, आणि पुन्हा तेच होतं. चार वेळा असं झालं की ‘मला जमतच नाही’ हा निष्कर्ष निघतो.

संभाषणाचा अभ्यास करणाऱ्यांनी ही फट मोजली आहे. २००९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात तान्या स्टिव्हर्स आणि सहकाऱ्यांनी वेगवेगळ्या खंडांतल्या दहा भाषांतली प्रश्नोत्तरं तपासली. प्रश्न संपणं आणि उत्तर सुरू होणं यांत सरासरी सुमारे २०० मिलिसेकंद, म्हणजे सेकंदाचा पाचवा भाग गेलेला आढळला. साधा एक शब्द मनात तयार होऊन तोंडावाटे बाहेर पडायला मात्र याच्या तिप्पट वेळ लागतो. याचा अर्थ असा की, जो वेळेवर उत्तर देतो त्याने समोरचा बोलत असतानाच तयारी सुरू केलेली असते. शांतता होण्याची वाट पाहणाऱ्याला गटात ती कधीच मिळत नाही. दोरीवरच्या उड्यांचं आठवून पाहा. दोघी जणी लांब दोरी फिरवत असतात आणि तिसरीला आत शिरायचं असतं. दोरी थांबेल म्हणून ती उभी राहत नाही. दोन फेऱ्या ताल बघते आणि तिसऱ्या फेरीला आत असते.

आता दुसरा हिशेब. दहा जण आणि पंधरा मिनिटं म्हणजे ९०० सेकंद, माणशी ९० सेकंद. गटात तुमच्या वाट्याला न्यायाने येतो तो एवढाच वेळ. वीस-पंचवीस सेकंदांचं बोलणं तीन-चार वेळा झालं की तो संपतो. वीस सेकंदांत तीन छोटी वाक्यं बसतात. तेव्हा सराव भाषणाचा करायचा नाही, तीन वाक्यांच्या तुकड्याचा करायचा.

पहिला आठवडा: काहीच बोलू नका, टिपा

खिशातली छोटी वही घ्या किंवा मोबाइलमध्ये नोंद करा. वर्गात, प्रॅक्टिकलच्या बॅचमध्ये, मेसच्या टेबलावर, जिथे जिथे तोंडाशी आलेलं वाक्य गिळलं जाईल तिथली तीन गोष्टींची नोंद करा. काय बोलायचं होतं, बोललो तर काय होईल असं वाटलं, आणि बोलण्याऐवजी काय केलं.

दुसरा रकाना नेमका भरा. ‘भीती वाटली’ असं लिहून काही हाती लागत नाही. ‘माझं इंग्रजी चुकेल आणि मागच्या बाकावरची मुलं हसतील’ असं लिहा, कारण हे खरं होतं की नाही ते पुढे तपासता येईल. तिसऱ्या रकान्यात सहसा लहानसहान गोष्टी येतात. वहीत डोकं घातलं, पाणी प्यायलो, मैत्रिणीच्या कानात सांगितलं आणि ती मोठ्याने बोलली. या तिसऱ्या रकान्याचं पुढे काम पडणार आहे.

आठवड्याच्या शेवटी बहुतेकांना दिसतं की आपण सगळीकडे सारखे गप्प नसतो. कुणाला मुलींसमोर अडतं, कुणाला फक्त इंग्रजीत, कुणाला फक्त एका ठरावीक सरांच्या तासाला. पुढचा क्रम प्रत्येकाचा वेगळा असतो तो यामुळेच.

शिडी

आता ज्या प्रसंगांना घाबरता ते लिहून प्रत्येकाला ० ते १०० मध्ये आकडा द्या. शून्य म्हणजे काहीच वाटत नाही, शंभर म्हणजे उठून पळून जावंसं वाटतं. मानसोपचारात ही मोजपट्टी जोसेफ वोल्पे यांच्यामुळे रूढ झाली, आणि तिचा फायदा साधा आहे. ‘मला बोलायची भीती वाटते’ या एका मोठ्या ढिगाचे दहा वेगळे तुकडे होतात.

एक उदाहरण घेऊ. समजा, रेवती नावाची मुलगी सातारा जिल्ह्यातल्या एका गावात दहावीपर्यंत मराठी माध्यमात शिकली आणि आता पुण्यात इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला आहे. प्लेसमेंटला सहा महिने आहेत. तिची शिडी साधारण अशी होईल:

१. हजेरीला मान वर करून, शेवटच्या बाकाला ऐकू जाईल असं उत्तर देणं: २०
२. तास संपल्यावर मॅडमना टेबलापाशी जाऊन शंका विचारणं: ३०
३. प्रॅक्टिकलच्या चौघांत आपलं मत सांगणं: ३५
४. तीन मैत्रिणींबरोबर चर्चेचा खेळ: ४५
५. आधी लिहून ठेवलेला प्रश्न भर वर्गात विचारणं: ५५
६. आयत्या वेळी सुचलेलं वर्गात बोलणं: ६५
७. सहा-आठ ओळखीच्या जणांत मराठीतून जीडी: ७०
८. तीच इंग्रजीतून: ८०
९. दुसऱ्या शाखेची मुलं आणि कागद घेऊन बसलेले सर: ९०
१०. खरी प्लेसमेंटची जीडी: १००

पायऱ्यांमध्ये दहा-पंधरापेक्षा मोठी उडी नको. रेवतीच्या शिडीत तिसरी आणि पाचवी पायरी एकमेकींना चिकटून असत्या आणि चौथी नसती, तर ती तिथेच अडकली असती. एका पायरीवर सहसा आठवडा-दीड आठवडा लागतो आणि त्या काळात ती गोष्ट रोज, निदान दिवसाआड व्हावी लागते. महिन्यातून एकदा धाडस करून बोलण्याचा उपयोग फार थोडा होतो, कारण मधल्या तीन आठवड्यांत भीती पुन्हा होती तिथे येते.

वर कधी चढायचं? भीतीचा आकडा निम्म्यावर आला तर चढाच. पण कधी कधी तो खाली येत नाही आणि तरीही माणूस ती गोष्ट टाळत नाही. तेवढंही पुरे. भीती शून्य होण्याची वाट पाहणारे शिडीच्या तळाशीच राहतात. महत्त्वाचं हे की प्रत्येक वेळी आधी अंदाज लिहायचा (‘मी विचारलं की सगळे वळून बघतील, मॅडम वैतागतील’) आणि नंतर काय झालं ते लिहायचं (‘दोघं वळली, मॅडमनी उत्तर दिलं, पुढचा प्रश्न दुसऱ्याने विचारला’). भीती मुळात त्या अंदाजावर उभी असते. तो पुन्हा पुन्हा खोटा ठरलेला वहीत दिसला पाहिजे, नुसता आठवून चालत नाही. बुजऱ्या माणसाची स्मरणशक्ती नेमका तो एक वाईट प्रसंग जपून ठेवते.

या पद्धतीमागे एक मजेदार किस्सा आहे. अल्बर्ट एलिस हे पुढे मोठे मानसोपचारतज्ज्ञ झाले, पण एकोणिसाव्या वर्षी ते मुलींशी बोलायला विलक्षण घाबरत. त्यांनी स्वतःला नेम घालून दिला. न्यूयॉर्कच्या ब्राँक्स बोटॅनिकल गार्डनमध्ये बाकावर एकटी बसलेली बाई दिसली की तिच्या शेजारी बसायचं आणि एका मिनिटाच्या आत बोलायला सुरुवात करायची. महिनाभरात ते शंभरेक जणींशी बोलले. भेटायला यायचं एकीनेच कबूल केलं आणि तीही आली नाही. पण कुणी आरडाओरडा केला नाही, कुणी पोलिसांना बोलावलं नाही, आणि त्यांची भीती गेली. हे ते स्वतःच सांगत. त्यांची विवेकनिष्ठ मानसोपचाराची पद्धत मराठीत कि. मो. फडके यांनी लेखनातून आणि समुपदेशनातून रुजवली. (बागेतला प्रयोग आज कुणी जसाच्या तसा करू नये. अनोळखी बाईला त्रास होतो. घ्यायचा तो फक्त एका मिनिटाचा नेम.)

एकट्याचा सराव: वीस सेकंद

शिडीच्या खालच्या पायऱ्या चालू असतानाच रोज दहा मिनिटं खोलीत हा सराव करा. वर्तमानपत्रातला कुठलाही मथळा घ्या. मोबाइलवर रेकॉर्डिंग सुरू करा आणि तीन वाक्यं बोला. पहिल्यात मत, दुसऱ्यात कारण, तिसऱ्यात एखादं उदाहरण. मग थांबा. एका दिवसाला असे पाच मथळे पुरेत.

ऐकताना आवाजाकडे लक्ष देऊ नका, स्वतःचा आवाज कुणालाच आवडत नाही. दोनच गोष्टी पाहा. शेवटचा शब्द ऐकू येतो का, आणि पहिलं वाक्य ‘म्हणजे मला असं, ते काय झालं ना’ अशा कचऱ्याने भरलंय का. बुजऱ्या मुलांचे वाक्याच्या शेवटचे शब्द हमखास गळतात, आणि मराठीत क्रियापद शेवटी येत असल्यामुळे ‘असावं’ म्हणाली की ‘नसावं’ तेच कळत नाही. इतर जण ‘काय?’ म्हणतात, ती आणखी दबते. रोजच्या रेकॉर्डिंगने हा दोष लवकर सुटतो. भीतीच्या मानाने हे फारच सोपं काम आहे.

इंग्रजीचं काय? मुद्दा मराठीतच सुचू द्या, भाषांतर नंतर करा. शिरण्यापुरती चार इंग्रजी वाक्यं मात्र झोपेतही म्हणता येतील इतकी पाठ हवीत. ‘आय’ड लाइक टू अ‍ॅड टू दॅट’, ‘कॅन वी लुक अ‍ॅट द अदर साइड’, ‘आय हॅव अ क्वेश्चन हिअर’, ‘सो फार वी हॅव सेड’. मुद्दा नवा असला तरी सुरुवात जुनीच वापरायची, म्हणजे पहिल्या दोन सेकंदांत डोक्याला भाषेचं ओझं राहत नाही. बाकीचं इंग्रजी साधं असलं तरी चालतं.

चौघांचा खेळ: फक्त शिरायचं

सगळ्यांत जास्त वेळ द्यावा अशी पायरी हीच. आपली तीन माणसं गोळा करा. विषय जाणूनबुजून फालतू घ्या, वडापाव भारी की मिसळ, होस्टेलला रात्री दहाची वेळ असावी का. पाच मिनिटांचा टायमर लावा. नियम असा की एका वेळी एकच वाक्य बोलायचं आणि प्रत्येकाने पाच मिनिटांत निदान सहा वेळा शिरायचं. मुद्दा चांगला असण्याची अट नाही. ‘हो, आणि मिसळीबरोबर पाव तरी दोन मिळतात’ हेही चालतं. मोजायचं ते फक्त शिरणं.

शिरताना शरीराने आधी नोटीस द्यायची असते. समोरच्याचं वाक्य उतरणीला लागलं की, म्हणजे आवाज खाली आला, क्रियापद जवळ आलं की, श्वास घ्या, पाठ खुर्चीपासून सोडवून जरासं पुढे झुका, हात टेबलाच्या उंचीवर आणा आणि जो बोलतोय त्याच्याकडे बघा. त्याचा शेवटचा शब्द चालू असतानाच सुरू करा. पहिले तीन शब्द नेहमीपेक्षा मोठ्याने, कारण गोंगाटात ते दुसऱ्याच्या शब्दांखाली बुडणारच असतात. म्हणूनच त्या तीन शब्दांत मुद्दा ठेवू नका. ‘प्रिया म्हणाली त्याला जोडून सांगते’ एवढं बुडालं तरी काही बिघडत नाही. शिवाय नाव घेतलं की ती प्रिया तुमच्याकडे बघते, आणि एक जण बघायला लागला की बाकीचेही बघतात.

दोघं एकदम सुरू झालात तर? बुजरा माणूस पहिल्याच अक्षराला माघार घेतो. नियम करा की निदान पाच शब्द पुरे करीन. बऱ्याचदा तेवढ्यात समोरचाच थांबतो. नाही थांबला तर हसून ‘तू बोल, मग मी’ म्हणा. ‘मग मी’ हे दोन शब्द फार कामाचे आहेत, कारण आता पुढची पाळी तुमची हे सगळ्यांनी ऐकलेलं असतं. त्याचं संपलं की लगेच ती घ्या. विसरून गेलात तर ती गेली.

सहा वेळा शिरणं जमायला लागलं की चौघांतला एक जण ‘तोडणारा’ ठरवा. त्याने मुद्दाम तुमचं वाक्य अर्ध्यात तोडायचं आणि तुम्ही ‘एक सेकंद, वाक्य पुरं करते’ म्हणून ते पुरं करायचं. पहिल्या दिवशी सगळे हसतात, चौघांपैकी कुणालाच ते गंभीरपणे जमत नाही. आठवड्याने तेच वाक्य सहज निघतं. प्रत्यक्ष जीडीत कुणी तोडलं तर तोंडातून काय निघायचं ते आधीच ठरलेलं असतं.

कुबड्या काढा

आता पहिल्या आठवड्यातला तिसरा रकाना उघडा. खाली बघणं, ओढणीचं टोक पिळणं, मनात वाक्य चार वेळा घोकणं, भरभर बोलून टाकणं, ‘सॉरी, मला नीट माहीत नाही पण’ अशी सुरुवात करणं. डेव्हिड क्लार्क आणि एड्रियन वेल्स यांनी १९९५ मध्ये सामाजिक भीतीची जी मांडणी केली तिच्यात या गोष्टींना मध्यवर्ती जागा आहे. माणूस या कुबड्या वापरतो आणि बोलणं पार पडलं की त्याला वाटतं, कुबडीमुळे वाचलो. म्हणून दहा वेळा बोलूनही भीती तेवढीच राहते. त्यातून घोकणाऱ्याचं सगळं लक्ष आत असतं, गटात काय चाललंय ते त्याला ऐकूच येत नाही आणि मग खरोखरच संदर्भ सोडून बोललं जातं.

एका वेळी एकच कुबडी काढा. सगळ्यांत आधी घोकणं. त्यावर उपाय म्हणजे कागदावर वाक्य न लिहिता एकच शब्द लिहायचा आणि डोळे बोलणाऱ्याकडे ठेवायचे. त्यानंतर ‘सॉरी’. हात मात्र शेवटी, थरथरणारे हात टेबलाखाली राहिले तर फारसं कुणाचं बिघडत नाही.

आवाज कापतोय, कान लाल झालेत, हे सगळ्यांना दिसतंय, असं बोलणाऱ्याला पक्कं वाटत असतं. केनेथ सॅवित्स्की आणि थॉमस गिलोविच यांनी २००३ मध्ये विद्यार्थ्यांना भाषण करायला लावून हे तपासलं. बोलणाऱ्यांना आपण जितके घाबरलेले दिसतो असं वाटत होतं तितके ते ऐकणाऱ्यांना दिसत नव्हते. आणि ज्यांना ही गोष्ट भाषणाआधी समजावून सांगितली होती त्यांची भाषणं इतरांपेक्षा बरी झाली. तुम्हाला यावर विश्वास ठेवायची गरज नाही. चौघांच्या खेळाचं मोबाइलवर चित्रीकरण करा. बघण्याआधी लिहा, मी दहापैकी किती घाबरलेला दिसत असेन. मग आवाज चालू ठेवून, एखादा परका मुलगा बघतोय अशा नजरेने बघा आणि पुन्हा आकडा द्या.

वर्गात

रेवतीची पाचवी पायरी वर्गातली. इथे एक नियम इतरांपेक्षा जास्त कामाला येतो. जे बोलायचं ते तासाच्या पहिल्या दहा मिनिटांत. प्रश्न हातात घेऊन चाळीस मिनिटं बसलं की भीती वाढत जाते, प्रश्न शिळा होतो, आणि शेवटच्या पाच मिनिटांत विचारलं तर ज्यांना बाहेर पळायचंय ती मुलं खरंच वैतागतात. तेवढ्यावरून ‘माझ्या बोलण्यावर लोक चिडतात’ हा धडा घेतला जातो. जीडीतही तसंच. पहिल्या तीन मिनिटांत एकदा शिरलं की उरलेला वेळ सोपा जातो. सगळ्यांत पहिल्यांदा बोलण्याचा हट्ट मात्र नको. सुरुवात करणारा चार मिनिटं भरकटला तर त्याचा काही उपयोग होत नाही.

एखाद्या शिक्षकांना विश्वासात घेता आलं तर जरूर घ्या. ‘मॅडम, मी बोलायचा सराव करते आहे. मी हात वर केला तरच मला विचारा, अचानक नाव घेऊ नका’ एवढं सांगायला रेवतीला तिसरी पायरी पार केल्यावर जमेल. बरेच शिक्षक ऐकतात. जे ‘त्यात काय घाबरायचं’ म्हणून दुसऱ्याच दिवशी उभं करतात त्यांचा तास सरावातून वगळा.

एक सराव-जीडी, सविस्तर

सातवी पायरी. आठ जण, बारा मिनिटं, मराठीतून. विषय: कॉलेजमध्ये ७५ टक्के हजेरीची सक्ती असावी का?

विचाराला दोन मिनिटं आहेत. या वेळात बाजू ठरवत बसण्यापेक्षा या प्रश्नाशी कुणाकुणाचा संबंध येतो ते लिहायचं. रेवती पाच शब्द लिहिते: एसटी, कमवा-शिका, प्रॅक्टिकल, आजारी, शिक्षक. प्रत्येक शब्द म्हणजे एक तुकडा. वाक्य एकही लिहीत नाही.

दोघं बोलून झालेत, तिसरा म्हणतोय की सक्ती नसेल तर वर्ग ओस पडतील. दुसरं मिनिट संपत आलंय. रेवती पुढे झुकते. “रोहन म्हणाला त्याला जोडून सांगते. माझ्या गावाहून येणाऱ्या मुलांना पहिली एसटी सातला मिळते आणि पहिला तास आठला असतो. त्यांची हजेरी इच्छा असून भरत नाही, त्यामुळे सगळ्यांना एकच आकडा लावण्याआधी हे बघायला हवं.” अठरा-वीस सेकंद. जीडीत स्वतःच्या भागातलं असं ठोस काही आणणारा उठून दिसतो, कारण बाकीचे ‘शिस्त’ आणि ‘स्वातंत्र्य’ हे दोनच शब्द फिरवत असतात. गावाकडची मुलं नेमकं हेच सांगायला लाजतात.

पाचव्या मिनिटाला तिला प्रॅक्टिकलचा मुद्दा टाकायचा होता, तो समीरने आधीच टाकला. इथे बुजरं माणूस गळपटतं. रेवती प्रश्नाने शिरते: “समीर, प्रॅक्टिकलला सक्ती आणि लेक्चरला सूट, असं तुला म्हणायचंय का? मग टक्केवारी वेगवेगळी धरावी लागेल.” मुद्दा त्याचाच, पण ती त्याला एक पायरी पुढे घेऊन गेली. परीक्षकाच्या कागदावर हेही बोलणंच असतं, आणि ऐकून बोलण्याचे गुण वेगळे मिळतात.

सातव्या मिनिटाला तिघं एकदम बोलतायत, गोंधळ माजलाय. मुलं याला फिश मार्केट म्हणतात. या वेळी ओरडून शिरायची गरज नाही. लाट दहा-पंधरा सेकंदांत ओसरते आणि सगळे क्षणभर थकतात. तेव्हा, “आतापर्यंत दोन बाजू आल्यात. रोहन आणि नेहा सक्ती हवी म्हणतायत, समीर फक्त प्रॅक्टिकलला हवी म्हणतोय. आजारपणाचं कुणीच बोललं नाही.” गप्प बसून ऐकण्याची सवय इथे कामाला येते. असा गोषवारा मध्यावरच घ्या. शेवटच्या मिनिटाला सगळ्यांनाच समारोप करायचा असतो आणि तिथे पुन्हा झुंबड उडते.

तीन वेळा मिळून साठ सेकंद बोलणं झालं. बारा मिनिटांच्या आठ जणांच्या चर्चेत ९० सेकंद वाट्याला येतात, म्हणजे ती फार मागे नाही. नंतर वहीत दोनच गोष्टी लिहायच्या, किती वेळा शिरले आणि अंदाजातलं काय खरं झालं. ‘चांगलं बोलले का’ हा प्रश्न स्वतःला विचारायचा नाही. तो बाहेर बसलेल्या मैत्रिणीला विचारा, आणि तिला आधीच सांगून ठेवा की एकच चूक सांग.

काम अडलं तर

ऐन वेळी डोकं कोरं झालं, तर कागदावरचा कुठलाही एक शब्द वाचून प्रश्न विचारा: “कमवा-शिका योजनेतल्या मुलांचं काय करायचं?” प्रश्नाला पुढची दोन वाक्यं लागत नाहीत, आणि उत्तर दुसरा कुणी देत असताना श्वास जागेवर येतो.

दोन आठवडे नियमाने करूनही आकडा हलत नसेल तर दोन शक्यता तपासा. एक म्हणजे कुठली तरी कुबडी लपून राहिली आहे. ती बहुधा घोकणं किंवा नेहमी त्याच मैत्रिणीशेजारी बसणं ही असते. किंवा मग पायरी उंच आहे, तिचे दोन तुकडे करा. ‘वर्गात प्रश्न विचारणं’ जमत नसेल तर आधी वीस जणांच्या ट्यूटोरिअलमध्ये विचारा. कुणी खरंच हसलं, तर त्याच आठवड्यात त्याच जागी पुन्हा एकदा बोला, छोटंसंच. महिनाभर टाळलं तर ते हसणं पक्कं बसतं.

जीडीच्या सकाळी कुणी मित्र ‘हात थरथरू नयेत’ म्हणून प्रोप्रॅनोलॉलची गोळी पुढे करतो. ती डॉक्टरांनी दिल्याशिवाय घेऊ नका. दमा असलेल्याला ती धोक्याची ठरू शकते.

हा सराव कुणाला पुरणार नाही तेही ओळखता यायला हवं. भीतीपोटी तोंडी परीक्षाच चुकवली, मेसमध्ये चारचौघांत जेवणं बंद झालं, बोलायच्या आदल्या रात्री झोप नाही, आणि हे सहा महिने किंवा त्याहून जास्त चाललंय, तर तो नुसता बुजरेपणा नसून सामाजिक चिंता विकार असू शकतो. त्यावर चांगले उपचार आहेत. कॉलेजच्या समुपदेशकाला किंवा मानसोपचारतज्ज्ञाला भेटा. टेली-मानस ही सरकारी सेवा १४४१६ या क्रमांकावर मोफत आहे आणि तिथे मराठीतही बोलता येतं. अडखळत बोलण्याचा, म्हणजे तोतरेपणाचा प्रश्न असेल तर त्यासाठी वाचाउपचारतज्ज्ञ लागतो. वरची शिडी त्या उपचारांबरोबर चालवता येते, त्यांच्याऐवजी नाही.

दिवाळीच्या किंवा परीक्षेच्या सुट्टीनंतर आकडे थोडे वर गेलेले दिसतील. परत आल्यावर जिथे सोडलं होतं त्याच्या दोन पायऱ्या खाली सुरू करा. त्या आठवडाभरात पुन्हा चढून होतात. खरी जीडी सुट्टीनंतर लगेच असेल तर सुट्टीतच तीन मैत्रिणींना व्हिडिओ कॉलवर घेऊन चौघांचा खेळ चालू ठेवा. कॉलवर एकमेकांचा आवाज उशिरा पोचत असल्यामुळे शिरणं आणखी अवघड असतं, त्यामुळे तिथे सहाऐवजी तीन वेळा शिरलात तरी पुरे.